बायकोला सांगितलंस का?

मार्चचा पहिला आठवडा, गुरुवार. सकाळी साडेअकराला मला मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि पावणेबाराला बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात एक लिफाफा होता. एचआरवाली मुलगी चांगली होती, तिनं पाण्याचा ग्लासही पुढे केला. शेजारच्या टेबलवरच्या दोस्तानं खाली टपरीवर चहा पाजला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘बायकोला सांगितलंस का?’

नव्हतं सांगितलं. बायको पुण्यात नव्हतीच. ती हिंगोलीत असते, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. रोज स्कूटीवरून औंढ्याच्या बाजूला एका गावात जाते, संध्याकाळी परत येते. घरी आई आणि आमची चार वर्षांची पोरगी. मी पुण्यात एका मित्रासोबत रूम करून राहतो आणि महिन्यातून एकदा रात्रभराच्या ट्रॅव्हल्सनं हिंगोली गाठतो. मराठवाड्यातल्या निम्म्या पोरांचं असंच चाललेलं असतं म्हणा!

पाचशे किलोमीटरवरच्या बायकोला नोकरी गेल्याचं कसं सांगायचं? खरं सांगतो, पहिला विचार आला तो न सांगण्याचा. ‘दुसरी मिळाली की एकदमच सांगू. उगाच तिला टेन्शन कशाला?’ ऐकायला किती समजूतदार वाटतं ना?

पण मला एक मित्र आठवला. काही वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली तेव्हा त्यानं हाच फंडा वापरला होता. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचा, दिवसभर कॉफी शॉपमध्ये बसून अर्ज भरायचा आणि सातला घरी यायचा. बाविसाव्या दिवशी पगाराचा मेसेज आला नाही आणि सगळं उघड झालं. त्याची बायको नोकरी गेली म्हणून रडलीच नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘मग एकवीस दिवस मी डबा कुणासाठी भरत होते?’ त्याला आठ आठवड्यांत नवी नोकरी मिळाली. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

तेव्हा सांगायचं, आणि आजच सांगायचं, हे टपरीवरच ठरलं. आणखी एक साधं कारण होतं. आमच्या ऑफिसात वसमतचा एक मुलगा आहे. त्याचा मेव्हणा हिंगोलीत. गावाकडे बातमी किती वेगानं पोचते हे मी सांगायला नको. बायकोला ही गोष्ट हळदीच्या मार्केट यार्डात उभ्या असलेल्या कुणाकडून कळणं, यापेक्षा वाईट काही नव्हतं.

आज म्हणजे किती वाजता?

दुपारी पावणेबारा ते संध्याकाळी सहा. हे सहा तास मी काढले आणि ते लपवणं नव्हतं, असं मला आजही वाटतं. ती वर्गावर असताना सांगून काय होणार होतं? समोर तीस पोरं, शेजारी मुख्याध्यापक. शाळा सुटल्यावर लगेच सांगावं, तर पुढं अठरा किलोमीटर स्कूटी चालवायची. डोक्यात असली बातमी घेऊन कुणी हायवेवर गाडी चालवू नये.

आमचा एक नेम आहे. घरी आली की ती ‘पोचले’ असा मेसेज करते. त्या दिवशी तो सहा वाजून पाच मिनिटांनी आला. मी आणखी पंधरा मिनिटं जाऊ दिली. पाणी पिणं, पोरीला घेणं, चहा टाकणं एवढं होऊ दिलं.

मग फोन का नाही केला? कारण आमच्या घरात संध्याकाळचा फोन हा सगळ्यांचा फोन असतो. स्पीकरवर पोरगी गाणं म्हणते, आई जेवणाचं विचारते. बायकोला बातमी आईच्या डोळ्यांदेखत कळली असती आणि चेहरा सांभाळायची जबाबदारीही तिच्यावरच पडली असती. मेसेजचा फायदा हा, की ती तो एकटी वाचू शकते, दोनदा वाचू शकते आणि लगेच काही बोलावं लागत नाही. तुम्ही दोघं एकाच घरात राहत असाल तर मात्र मेसेज नको, समोर बसूनच सांगा. क्रम तोच ठेवा.

तीन मसुदे

पहिला मसुदा होता, ‘घाबरू नकोस, पण महत्त्वाचं बोलायचंय. फ्री झाली की फोन कर.’ टाइप केला आणि मीच दचकलो. आपल्याकडे ‘घाबरू नकोस’नं सुरू होणारी बातमी अपघाताची असते, नाहीतर हॉस्पिटलची. फोन लागेपर्यंतच्या दहा मिनिटांत तिनं मला आयसीयूत पोचवलं असतं.

दुसरा मसुदा तीन स्क्रीन लांब होता. मॅनेजर कसा आहे, कुणाला ठेवलं, माझ्यावर कसा अन्याय झाला. त्यात ‘नोकरी गेली’ हे शब्द चौदाव्या ओळीत होते. आणि शेवटी, ‘महिन्याभरात नक्की मिळेल.’ हे मी कशाच्या जोरावर लिहीत होतो?

वाईट बातमी सांगणं हे डॉक्टरांचं रोजचं काम. २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन वगैरे डॉक्टरांनी कॅन्सरच्या पेशंटला निदान कसं सांगावं याची सहा पायऱ्यांची एक पद्धत प्रसिद्ध केली. ‘स्पाइक्स’ या नावानं ती आजही शिकवली जाते. तिचा मला उमगलेला सार असा: जागा आणि वेळ बघा, वाईट बातमी येतेय याची छोटी कल्पना द्या, मग ती साध्या शब्दांत थोडी थोडी सांगा, समोरच्याच्या भावनेला वाट द्या, आणि पुढचा प्लॅन सगळ्यात शेवटी. आपण नवरे मंडळी नेमकं उलट करतो. प्लॅन आधी, बातमी नंतर, आणि भावनेला वेळच नाही.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

‘मी बरा आहे, रूमवर आहे. एक वाईट बातमी आहे. आज कंपनीनं मला कामावरून काढलं. ३१ मार्च शेवटचा दिवस. मार्चचा पगार आणि वर एक महिन्याचा पगार मिळेल. पुढचं अजून काही ठरलेलं नाही. आईला सांगितलं नाही, तुलाच आधी सांगतोय. पोरगी झोपली की साडेनऊला फोन करतो. आत्ता उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’

यातली प्रत्येक ओळ एक काम करते. पहिली ओळ अपघाताची भीती काढून टाकते. दुसरी तयारी करते. तिसरीत ‘काढलं’ हा शब्द मुद्दाम आहे. ‘ब्रेक घेतोय’, ‘प्रोजेक्ट संपला’, ‘मीच सोडली’ हे शब्द आज सोपे वाटतात, पण नंतर एकेक करून परत घ्यावे लागतात. कंपनीनं राजीनामा लिहून घेतला असेल तर तेही तसंच सांगा: ‘राजीनामा द्यायला लावला.’ पैशाबद्दल जेवढं लिफाफ्यात होतं तेवढंच लिहिलं. ठाऊक नव्हतं ते ‘ठरलेलं नाही’ म्हणून सांगितलं. आणि फोनची वेळ दिली, म्हणजे वाट पाहण्याला टोक असतं.

सात मिनिटांनी उत्तर आलं. ‘वाचलं. जेवलात का?’

साडेनऊचा फोन

मधल्या तीन तासांत मी एक कागद तयार केला. बँकेत १,३३,००० रुपये. जादा महिन्याचा पगार ५२,०००. एकूण १,८५,०००. माझ्या पगारातून जाणारा दरमहाचा खर्च ४१,०००: हिंगोलीच्या घराचा हप्ता १४,५००, पुण्याची रूम ९,०००, खाणं-पेट्रोल ८,०००, एसआयपी ५,०००, आईची औषधं २,५००, विम्याचा हप्ता २,०००. एसआयपी थांबवली तर ३६,०००. म्हणजे तिच्या पगाराला हात न लावता पाच महिने निघतात.

पण फोन लागल्याबरोबर मी कागद वाचला नाही. ती पाच-सहा मिनिटं बोलत होती, थोडी चिडली, थोडी गप्प झाली. ‘तुम्हालाच का?’ असंही विचारलं. मी म्हणालो, ‘माहीत नाही.’ ते खरंच होतं. मग तीच म्हणाली, ‘पैशाचं सांगा.’ तेव्हा कागद काढला.

आणि इथं मला न सुचलेली गोष्ट तिनं विचारली. ‘अहो, आईंच्या डोळ्याचं काय?’

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नांदेडला ठरलं होतं. ते माझ्या कंपनीच्या मेडिक्लेमवर होतं, आणि असा गटविमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. दुसऱ्या दिवशी एचआरला मेल टाकून तारीख लेखी मागितली. उत्तर आलं, ३१ मार्च. वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर करणं विमा कंपनीच्या हातात असतं आणि हप्ता वाढतो. नवीन पॉलिसी काढावी तर मोतीबिंदूसाठी बहुतेक दोन वर्षं थांबावं लागतं. बायकोनं शनिवारी नांदेडला फोन करून तारीख अलीकडे घेतली. २४ मार्चला ऑपरेशन झालं, कॅशलेस.

मी ‘दुसरी मिळाली की सांगू’ म्हणत महिनाभर गप्प बसलो असतो, तर ऑपरेशन एप्रिलमध्येच झालं असतं आणि बिल खिशातून भरलं असतं. तिला टेन्शन नको म्हणून लपवायचं, असं आपण म्हणतो. पण घरातल्या निम्म्या गोष्टींच्या तारखा तिच्याच डोक्यात असतात ना!

त्याच फोनवर आणखी एक ठरलं. आईला रविवारी मी येऊन सांगायचं आणि बाकी कुणी विचारलं तर दोघांनी एकच वाक्य म्हणायचं: ‘ती कंपनी सुटली, दुसरीकडे बघणं चालू आहे.’ खोटं नाही आणि जास्तही नाही.

थांबायचं तर किती?

कधी कधी लगेच सांगता येत नाही. बायको प्रवासात आहे, उद्या तिची परीक्षा आहे, ताप आहे. मग काही तास, फार तर दोन दिवस थांबा. पण थांबण्याची तारीख आधी स्वतःशी ठरवा. दोन गोष्टींच्या आत सांगितलंच पाहिजे: तिसऱ्या माणसाकडून कळायच्या आत आणि पैशाचा पुढचा व्यवहार चुकायच्या आत, मग तो पगार असो की हप्ता. ‘योग्य वेळ आली की’ या वेळेला तारीख नसते. म्हणून ती येत नाही.

मला नवीन काम चार महिन्यांनी मिळालं. पगार थोडा कमी आहे. आई आता चष्म्याशिवाय हरिपाठ वाचते. आणि दुपारी साडेअकराला कुणी मीटिंग रूममध्ये बोलावलं, की अजून पोटात गोळा येतो. पण संध्याकाळी सहा वाजता कुणाला सांगायचं, हे ठाऊक असतं.