सीझन संपू दे, मग बोलू

सीए असलेल्या माणसाच्या घरात ‘सीझन संपू दे, मग बोलू’ हे वाक्य ऑगस्टपासून ऐकू येऊ लागते. टॅक्स ऑडिटचा अहवाल एरवी ३० सप्टेंबरपर्यंत आयकराच्या पोर्टलवर चढवावा लागतो. बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभाही तोवर उरकायच्या असतात आणि मधेच १५ तारखेला अग्रिम कराचा हप्ता येतो. क्लायंटची कागदपत्रे मात्र मुदत जवळ आल्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे सहा आठवड्यांचे काम शेवटच्या दोन आठवड्यांत साचते. या काळात जोडीदार दिसेनासा होतो, हे खरेच असते. पण त्याच्या गप्प राहण्यात काम किती आणि टाळाटाळ किती, हे घरच्या माणसाला कसे कळावे?

गप्प राहणे हा टाळाटाळीचा पुरावा नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रीना रेपेटी यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रक आणि त्यांच्या पत्नींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा ताण जास्त असलेल्या दिवशी हे नियंत्रक घरी कमी बोलत, स्वतःत मिटून घेत. रात्री अकराला घरी येऊन मोबाइलवर नुसती बोटे फिरवणारा माणस नाते टाळत असेलच असे नाही. दिवसभर आकडे तपासून डोके रिकामे झालेले असते, एवढेच. घरच्याला ते अपमानासारखे वाटते, तेही स्वाभाविक आहे.

म्हणून किती बोलणे झाले यापेक्षा कामाचा आकार पाहावा. खऱ्या कामाला चढ-उतार असतो. गणेश चतुर्थीला ऑफिस बंद असेल तर त्या दिवशी माणूस निदान थोडा सापडतो, मुदत संपल्यावर झोप काढून पुन्हा माणसांत येतो. शिवाय थकलेला माणूस एखाद्या विषयापुरता थकत नाही. मित्राशी, आईशी, जोडीदाराशी, सगळ्यांशीच तो कमी बोलतो. टाळाटाळ निवडक असते. तिला मित्रांसोबतच्या क्रिकेटला वेळ सापडतो, एका ठराविक प्रश्नाला सापडत नाही.

समजा, पुण्यातल्या एका तरुण सीएचा जूनमध्ये साखरपुडा झाला आणि लग्न डिसेंबरात आहे. मुलगी कोल्हापूरला. लग्नानंतर त्याच्या आईवडिलांसोबत राहायचे की वेगळे, हे ठरायचे आहे. सप्टेंबरभर त्याचे मेसेज तुटक येतात, पण येतात: ‘आत्ता घरी पोचलो, सकाळी बोलतो.’ सकाळी पाच मिनिटे का होईना, तो बोलतो. इथवर संशयाला जागा नाही. १ ऑक्टोबरला तो दिवसभर झोपतो. नंतर फोन लांबतात, पत्रिकेचा मजकूर ठरतो, हॉलचा ॲडव्हान्स दिला जातो. घराचा विषय निघाला की मात्र पुन्हा तेच, ‘अजून रिटर्न बाकी आहेत.’ तेही खोटे नाही. ऑडिट झालेल्या क्लायंटची रिटर्न भरण्याची मुदत सहसा ३१ ऑक्टोबर असते. पण हिशेब तपासून झालेले असल्याने हे काम आधीपेक्षा हलके असते, आणि हॉलसाठी वेळ होताच की. म्हणजे सप्टेंबर कामाचा होता, ऑक्टोबरमध्ये कामाच्या आडोशाला एक भीती बसली आहे: आईशी बोलण्याची. बहुतेक घरांत असे मिश्रणच असते.

इथे ‘तू मला टाळतोयस का?’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ येते आणि तो आणखी आत जातो. एकाने मागे लागायचे, दुसऱ्याने मागे सरायचे, हे चक्र जोडप्यांच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. त्यापेक्षा विषय आणि दिवस दोन्ही ठरवून मागावे: ‘घराबद्दल रविवारी सकाळी अर्धा तास बोलू, जमत नसेल तर तू दिवस सांग.’ कामात बुडालेला माणूस रविवार नाकारेल, पण स्वतःहून बुधवार सुचवेल. टाळणारा नकार देतो आणि दुसरा दिवस सांगत नाही, किंवा सांगितलेला दिवस पुन्हा पुन्हा हुकवतो. एकदा हुकला म्हणून निष्कर्ष काढू नये; पोर्टल ऐन वेळी अडकल्याने रविवार बुडणे या धंद्यात नवे नाही.

कॅलेंडरची ही कसोटी कधी फसतेही. २०२५ मध्ये टॅक्स ऑडिटची मुदत आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबरपर्यंत वाढली. त्या वर्षी ‘या महिन्यात संपेल’ असे प्रामाणिकपणे म्हणणाऱ्यांचाही शब्द दोनदा पुढे गेला, दिवाळी त्यात गेली. अशा वेळी तारीख पुढे गेली यावर न अडता, ती पुढे गेल्याचे त्याने आपणहून कळवले की विचारल्यावर, हे पाहावे. सीझन नसलेल्या महिन्यांत तो अवघड विषयांवर कसा बोलत असे, हेही आठवून पाहावे. मे महिन्यातही जो माणूस पैशांचा किंवा आईचा विषय निघताच उठून जात असे, त्याच्या सप्टेंबरच्या मौनाचे खापर एकट्या ऑडिटवर फोडता येत नाही.