कानाला एक, कीबोर्डवर बारा: धंद्याचं नाव ठरवण्याआधी स्पेलिंग तपासा

कुर्ल्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली असेल. स्टेशनचं नाव Kurla, पण रेल्वेच्या ॲपमध्ये कोड दिसतो CLA. K कुठे गेला? इंग्रजांच्या काळात हेच नाव Coorla असं लिहायचे आणि कोड त्यातून आला. पुढे स्पेलिंग बदललं, कोड मात्र तोच राहिला.

रेल्वेचं यात काही बिघडत नाही, कारण तिकीट काढणाऱ्याला ॲप स्वतःच यादी दाखवतं. तुमच्या धंद्याला ही सोय नाही. कुणीतरी लोकलमध्ये मैत्रिणीला तुमचं नाव सांगणार, ती इंस्टाग्रामच्या सर्चमध्ये तिला सुचेल तसं टाइप करणार, आणि स्पेलिंग चुकलं तर दुसऱ्याच कुणाच्या तरी पेजवर पोहोचणार. मराठी नावाची खरी अडचण ही आहे. नाव आपण देवनागरीत विचार करून ठरवतो, पण डोमेन आणि हँडल रोमनमध्ये टाइप होतात.

एक उदाहरण घेऊ

समजा, नेहरूनगरमधली दोघं भावंडं घरून कांदा-लसूण मसाला विकतायत. आत्तापर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर चालत होतं, आता नाव हवंय. पहिलं सुचलेलं नाव आहे ‘चुलीवरचं’. ऐकायला झकास! आता हे रोमनमध्ये लिहून बघा.

```
chulivarcha
chuliwarcha
chuleevarche
chulivarch
```

‘ली’ दोन प्रकारे लिहिता येते, li आणि lee. ‘व’ दोन प्रकारे, v आणि w. शेवटचं ‘चं’ तर cha, che आणि नुसतं ch असं तीन प्रकारे. दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे बारा स्पेलिंग झाली, आणि ‘चु’ला choo लिहिणारे यात धरलेलेच नाहीत. तुम्ही एक स्पेलिंग घ्याल, तेव्हा बाकीची अकरा मोकळीच राहतील. ती दुसरं कुणीही घेऊ शकतं.

मराठीतले कुठले आवाज त्रास देतात हे एकदा कळलं की नाव निवडणं बरंच सोपं होतं. अ आणि आ, इ आणि ई, उ आणि ऊ या जोड्यांमध्ये लोक हमखास वेगवेगळं टाइप करतात. ‘व’मध्ये v-w चा घोळ असतो. ‘ळ’ला रोमनमध्ये स्वतःचं अक्षरच नाही, त्यामुळे ‘माळवा’ लिहायला गेलात की वाचणारा थेट मध्य प्रदेशात पोहोचतो. शब्दाच्या मधला न उच्चारलेला ‘अ’ही फसवतो: ‘रगडा’ कुणी ragda लिहितं, कुणी ragada. याउलट ए आणि ओ हे स्वर भरवशाचे आहेत, कारण बहुतेक लोक ते e आणि o असेच लिहितात. ब, म, र, प, ग ही व्यंजनंसुद्धा फार वाकडी जात नाहीत.

भावंडांचं दुसरं नाव आहे ‘कांडप’. kandap किंवा kaandap, म्हणजे दोनच स्पेलिंग. पण इथे वेगळीच अडचण आहे. मसाला कांडप हे कामाचंच नाव आहे, गल्लीतल्या प्रत्येक डंकावाल्याच्या पाटीवर दिसणारं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 नुसार, मालाचा प्रकार, गुण किंवा तो कुठून येतो एवढंच सांगणारे शब्द सहसा नोंदवले जात नाहीत. ‘कुर्ला मसाला’ही याच कारणाने अडकेल. गावाचं नाव सगळ्यांचं असतं.

तिसरं नाव ‘पोटोबा’. स्पेलिंगच्या बाबतीत हे जवळपास आदर्श आहे: potoba, बस्स. पण इतका ओळखीचा शब्द खाण्यापिण्याच्या धंद्यात आधी कुणालाच सुचला नसेल असं धरून चालू नका. आणि तो कुणी नोंदवलेला निघाला, तर मागे ‘मसाले’ किंवा ‘मुंबई’ जोडून सुटका होत नाही. हँडल मिळेल, पण कायद्याच्या नजरेत मुख्य शब्द तोच राहतो.

मग त्याच चालीवर एक नवा शब्द घडवला: ‘तिखोबा’. tikhoba, फार तर teekhoba. तिखटाची आठवण करून देतो, पण मसाल्याचं थेट वर्णन करत नाही, आणि शब्दकोशातही नाही. असे घडवलेले शब्द ट्रेडमार्कसाठी सगळ्यात भक्कम मानले जातात. (हे फक्त समजावण्यासाठी घेतलेलं उदाहरण आहे. ते मोकळं आहे असं समजू नका.)

एका अक्षरावरून कोर्टात

रेडिफ हे मुंबईचं पोर्टल तुम्हाला माहीत असेल, निदान आईबाबांच्या जुन्या ईमेल पत्त्यामुळे तरी. ते rediff.com वर चालायचं आणि दुसऱ्या एका कंपनीने radiff.com घेतलं. फरक फक्त e च्या जागी a. त्या कंपनीचं म्हणणं होतं की आमचं नाव Radical, Information, Future आणि Free या शब्दांच्या अक्षरांतून बनलंय. मुंबई हायकोर्टाला हे पटलं नाही. 1999 मध्ये कोर्टाने radiff वापरायला मनाई केली आणि डोमेन म्हणजे नुसता इंटरनेटवरचा पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं सांगितलं.

पुढे 2004 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच प्रकरण आलं: एका बाजूला sify, दुसऱ्या बाजूला siffy. तिथेही आधीपासून नाव वापरणाऱ्या सिफीच्या बाजूने निकाल लागला.

या दोन्ही निकालांचा आपल्यासाठी अर्थ दुहेरी आहे. तुमच्या नावासारखं ऐकू येणारं डोमेन कुणी घेतलं तर तुम्ही भांडू शकता. पण ‘माझं स्पेलिंग वेगळं आहे’ एवढ्यावर तुम्हीही वाचत नाही. कोर्ट कानाने ऐकतं. मूळ नावात एखादं जादा a किंवा z घालून ‘मिळालं एकदाचं!’ म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

तपासायचं कसं

आधी नियम. डोमेनमध्ये अक्षरं, आकडे आणि हायफन चालतात, अंडरस्कोर चालत नाही. इंस्टाग्रामचं उलट आहे: अंडरस्कोर आणि टिंब चालतं, हायफन नाही. एक्सवर हँडल जास्तीत जास्त 15 अक्षरांचं, इंस्टाग्रामवर 30. म्हणून सगळीकडे एकच नाव हवं असेल तर फक्त रोमन अक्षरं वापरा आणि ती 15 च्या आत ठेवा. देवनागरीत .भारत डोमेन मिळतं आणि पाटीवर छान दिसतं, पण इंस्टाग्रामचं यूजरनेम देवनागरीत होत नाही. त्यामुळे ते जोडीला ठेवा, त्यावर विसंबू नका.

मग ट्रेडमार्क. लोक हे सगळ्यात शेवटी करतात, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच होतो, कारण डोमेन मोकळं मिळालं म्हणून नाव मोकळं होत नाही. ipindia.gov.in वर पब्लिक सर्च फुकट आहे. तिथे क्लास निवडावा लागतो: मसाल्यांसाठी 30, लोणच्यांसाठी 29, कपड्यांसाठी 25, हॉटेल किंवा खानावळीसाठी 43. नुसता शब्द शोधून थांबू नका. ‘फोनेटिक’ हा पर्याय निवडा, म्हणजे सारखी ऐकू येणारी नावंही समोर येतील. ‘तिखोबा’ शोधताना ‘टिकोबा’ निघाला आणि तोही क्लास 30 मध्ये, तर तिथेच थांबून नवं नाव शोधायचं.

हँडल बघताना एक फसवणूक होते. इंस्टाग्रामवर सर्च केलं, अकाउंट दिसलं नाही, म्हणजे नाव मोकळं आहे असं नसतं. ते बंद केलेलं किंवा काढून टाकलेलं अकाउंट असू शकतं आणि नाव तरीही अडकलेलं राहतं. खरं उत्तर यूजरनेम भरायच्या रकान्यातच मिळतं. नाव अडलेलं निघालं तर मागे official किंवा 123 जोडण्यापेक्षा धंद्याशी संबंधित छोटा शब्द जोडा, आणि तोच जोड सगळीकडे ठेवा. पण आधी बघा की ते नाव वापरणारा तुमच्याच धंद्यात तर नाही ना. असेल तर नावच बदला.

शेवटची चाचणी बिनपैशाची आहे आणि कुर्ल्यासारख्या ठिकाणी फार कामाची, कारण इथे एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती बोलणारे सापडतात. व्हॉइस नोटमध्ये नाव एकदाच बोला आणि सात-आठ जणांना पाठवा. स्पेलिंग सांगू नका. ‘जे ऐकलंस ते टाइप करून पाठव’ एवढंच म्हणा. बहुतेकांचं उत्तर एकच आलं तर नाव चाललं. दोन स्पेलिंगमध्ये वाटणी झाली तर दोन्ही डोमेन घ्या आणि दुसरं पहिल्याकडे वळवा, म्हणजे रीडायरेक्ट करा. तीन-चार प्रकार आले तर नाव सोडा, कितीही आवडलं असलं तरी.

घेताना

नाव ठरलं की डोमेन आणि हँडल एकाच बैठकीत घ्या आणि मगच जगाला सांगा. 2023 मध्ये दिल्लीतल्या एका ॲप डेव्हलपरने दोन कंपन्या एकत्र येतील असा नुसता अंदाज बांधून jiohotstar.com घेऊन ठेवलं होतं, आणि 2024 मध्ये त्याची देशभर चर्चा झाली. तुमच्या मसाल्यावर कुणी एवढी नजर ठेवून नसेल, पण तुम्ही स्टेटसला टाकलेलं नाव शेजारच्या गल्लीतला स्पर्धकही वाचतो.

डोमेन विकत घेताना पहिल्या वर्षाची सवलत बघू नका, दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा दर बघा. आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्या. वेबसाइट बनवणाऱ्याने ‘मी करतो सगळं’ म्हणून स्वतःच्या खात्यात घेतलं, तर उद्या त्याने फोन उचलणं बंद केल्यावर तुमचं नाव त्याच्याकडेच राहतं.

ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीसाठी किंवा छोट्या उद्योगासाठी एका क्लासची सरकारी फी 4500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. मसाल्याबरोबर लोणचंही विकणार असाल तर दोन क्लास, म्हणजे 9000. पैसे कमी असतील तर आधी जे खरंच विकताय त्याचाच क्लास घ्या. नावापुढे ™ तुम्ही आजपासून लावू शकता, ® मात्र नोंदणी हातात आल्यावरच. त्याआधी लावणं बेकायदेशीर आहे, म्हणून पाकिटाची छपाई करणाऱ्याला हे आधीच बजावून ठेवा. डिझाइन भारदस्त दिसावं म्हणून तो ® स्वतःहून टाकून मोकळा होतो.