चाळीस, तीस, तीस

शाखाधिकाऱ्याची जागा एक आणि इच्छुक तीन, अशी वेळ कुठल्याही पतसंस्थेवर येते. समजा, अशाच एका काल्पनिक पतसंस्थेच्या संचालकांनी ठरवलं की या वेळी वशिला नको, थेट गुण द्यायचे. तीन रकाने आखले : वर्षभरात केलेलं काम, वागणूक आणि शिस्त, नियम व हिशेबाची जाण. प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. पण तिन्ही रकाने सारख्याच मोलाचे कसे धरायचे? मग त्यांना वेटेज आलं : कामाला ४० टक्के, उरलेल्या दोघांना तीस-तीस.

हे प्रमाण हवेतून आलेलं नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कामगिरी अहवालात, म्हणजे ‘एपीएआर’मध्ये, हीच वाटणी आहे : कामाची निष्पत्ती ४०, वैयक्तिक गुण ३०, कार्यक्षमता ३०. जुन्या गोपनीय अहवालात ‘चांगला’, ‘समाधानकारक’ अशी विशेषणं असत आणि ती कर्मचाऱ्याला सहसा दाखवली जात नसत. सीमा रस्ते सेवेतले अभियंता देव दत्त यांची बढती अशाच एका न दाखवलेल्या ‘चांगला’ शेऱ्यामुळे अडली. लागत होता ‘खूप चांगला’. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंद बरी असो वा वाईट, ती कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्यानंतर आकड्यांतले गुण आणि त्यांची भारित सरासरी असलेला अहवाल पूर्णपणे दाखवला जाऊ लागला.

पतसंस्थेकडे परत येऊ. पहिले उमेदवार वसुली अधिकारी. थकबाकीदाराच्या दारात सकाळी सातला उभे राहणारे, म्हणून कामात ९. तोंड मात्र फटकळ, त्यामुळे वागणुकीत ६. जाण ७. दुसऱ्या काउंटरवरच्या बाई. पेन्शन घ्यायला येणारे आजोबा रांग मोठी असली तरी त्यांच्याच खिडकीवर थांबतात. वागणुकीत ९, जाण ८. पण ठेवींचं उद्दिष्ट गाठलं नाही, म्हणून कामात ६. तिसरे लेखापाल. काम ७, वागणूक ७ आणि जाण ९, कारण लेखापरीक्षक आले की सगळे त्यांच्याकडेच बघतात.

आता प्रत्येक गुणाला त्याच्या वेटेजने गुणायचं आणि बेरीज करायची. वसुली अधिकाऱ्यांचे कामाचे ९ गुणिले ०.४ म्हणजे ३.६, वागणुकीचे १.८, जाणीचे २.१, एकूण ७.५. बाईंचे २.४, २.७ आणि २.४, त्यांचेही ७.५. लेखापालांचे २.८, २.१ आणि २.७, एकूण ७.६. लेखापाल पहिले आले.

इथे एखादे संचालक म्हणणार, “संस्था वसुलीवर चालते, कामाला ६० द्या.” मागणी रास्त वाटते. कामाला ६० आणि बाकी दोघांना वीस-वीस दिले की वसुली अधिकारी ८ वर जातात, लेखापाल ७.४ वर उतरतात आणि बाई ७ वर. दुसरे संचालक म्हणतात, “शाखा माणसांवर चालते.” वागणुकीला ६० आणि बाकी दोघांना वीस-वीस दिले तर बाई ८.२, लेखापाल ७.४ आणि वसुली अधिकारी ६.८. तिघांच्या गुणांत कुणी कानामात्रेचाही फरक केला नाही, तरी तिन्ही वेळा पहिला नंबर वेगळ्याचा. दोन्ही संचालकांना आपण तत्त्वाचं बोलतोय असं मनापासून वाटत असेल. प्रत्यक्षात ते आपापला उमेदवार निवडत असतात.

निकाल किती ठिसूळ आहे, हेही मोजता येतं. उरलेल्या दोन रकान्यांत वेटेज निम्मं-निम्मं वाटायचं आणि कामाचं वेटेज हळूहळू वाढवत न्यायचं. साधारण ३३ टक्क्यांपर्यंत बाई पुढे राहतात. तिथून जवळपास ४३ पर्यंत लेखापाल आणि त्यापुढे वसुली अधिकारी. म्हणजे लेखापालांचा पहिला नंबर जेमतेम दहा टक्क्यांच्या फटीत बसलेला आहे, आणि ४० हा आकडा नेमका त्या फटीत पडतो. ४०ऐवजी ४५ लिहिलं असतं तर साहेब वेगळे झाले असते. कुणी तिन्ही रकान्यांत इतरांपेक्षा वरचढ असता तर वेटेज कसंही फिरवा, तोच जिंकला असता. वाद होतो तो ज्याच्या-त्याच्या रकान्यात सरस असलेल्या माणसांमध्येच.

वेटेज बदलल्याचं निदान दिसतं तरी. ते न बदलताही निकाल फिरतो, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, गुण देणारे साहेब भिडस्त आहेत. कामाच्या रकान्यात कुणाला दुखवायला नको म्हणून त्यांनी तिघांनाही ८ दिले. वेटेज तेच, ४०-३०-३०. आता वसुली अधिकारी ७.१, लेखापाल ८ आणि बाई ८.३. कामाला कागदावर सर्वांत जास्त वजन आहे, पण सगळ्यांच्या पदरात सारखेच ३.२ पडल्यामुळे त्या रकान्याने काहीच ठरवलं नाही. निकाल लावला तो बाकीच्या ६० टक्क्यांनी. ज्या रकान्यात गुणांचा फरक मोठा, त्याचं वजन खरं. म्हणून आधी रकान्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान गुण पाहावा. दोघांत फरकच नसेल तर तिथलं वेटेज शोभेचं आहे.

आणखी एक गंमत पट्ट्यांची. केंद्राच्या नियमात ८ ते १० म्हणजे ‘उत्कृष्ट’, आणि बढतीसाठी सरासरी काढताना त्याचे ९ धरले जातात. ६ पासून ८ च्या आतले सगळे ‘खूप चांगला’, त्यांचे ७. हा नियम इथे लावला तर ७.५ आणि ७.६ मधला फरक, ज्यावर लेखापाल जिंकले, पुसला जातो. तिघांनाही ७ मिळतात. पण कामाचं वेटेज ६० केलं की वसुली अधिकारी बरोबर ८ वर पोचतात आणि त्यांचे थेट ९ होतात. प्रत्यक्ष वाढ अर्ध्या गुणाची, खात्यावर जमा मात्र दोन गुण.

दशांशाच्या पहिल्या घरावर माणसाचं नशीब ठरवणं हे मुळातच धाडसाचं आहे. तोच साहेब तीच माणसं महिन्याने पुन्हा तपासायला बसला, तर एखादा ७ चा ८ सहज होईल. कामाच्या रकान्यात एक गुण वाढला की एकूण ०.४ ने वाढतं. इथे पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर ०.१ आहे.

हे सगळं करून बघायला संगणकावर पाच मिनिटं पुरतात. पहिल्या ओळीत वेटेज लिहा, खाली एकेका माणसाचे गुण, आणि शेवटच्या रकान्यात हे सूत्र :

```
=SUMPRODUCT(B2:D2,$B$1:$D$1)
```

डॉलरची चिन्हं विसरू नका, नाहीतर सूत्र खाली ओढताना वेटेजची ओळही खाली सरकते आणि दुसऱ्याच्या गुणांना पहिल्याचे गुण गुणले जातात. एकूण दहाच्या वर दिसलं की ओळखावं, हेच झालंय.

वेटेज गुण भरण्याआधी ठरवा आणि सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. गुण पाहिल्यावर सुचलेलं वेटेज स्वीकारू नका. गुण भरून झाले की कामाचं वेटेज पाच टक्के वर आणि दहा टक्के खाली करून पाहा. पहिला नंबर जागेवर राहिला तर नेमणुकीचं पत्र टाइप करा. हलला, तर तिघांनाही मुलाखतीला बोलवा.