आठव्या ओळीत पिनकोड शेजारच्या स्टिकरवर का जातो?

आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांनी घरून पार्सलं पाठवलीत त्यांना लगेच पटेल. ए-फोर आकाराची स्टिकर शीट असते, 24 स्टिकरची. पत्ते टाइप केले, पीडीएफ बनवली, प्रिंट दिली. पहिली ओळ मस्त येते. दुसरी, तिसरी, ठीक आहे. आणि आठव्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पत्त्याची शेवटची रेघ, म्हणजे नेमका पिनकोड, स्टिकरच्या बाहेर. शीट वाया, आणि एक शीट म्हणजे 24 पार्सलांचे पत्ते.

यात दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पहिला सरकणं: सगळे पत्ते सारखेच, समजा 2 मिमी, खाली गेलेत. दुसरा वाहत जाणं: वर बरोबर, मग प्रत्येक ओळीला थोडं थोडं जास्त चुकत गेलंय. लोक काय करतात, दुसऱ्या आजाराला पहिल्याचं औषध देतात. सगळंच 2 मिमी वर ढकलतात. मग खालची ओळ सुधारते आणि वरची बिघडते.

वाहत जाण्याचं मूळ बहुतेक वेळा मोजण्यातच असतं. एका स्टिकरवर पट्टी ठेवायची, 34 मिमी वाचायचं आणि पुढे जायचं, हे चालत नाही. साध्या पट्टीवर अर्धा मिमी इकडेतिकडे होणारच. तो अर्धा मिमी पुढच्या ओळीत पुन्हा जमा होतो, त्याच्या पुढच्या ओळीत पुन्हा. पहिल्यापासून आठव्या ओळीपर्यंत सात वेळा, म्हणजे साडेतीन मिमी.

म्हणून उलटं करा. पहिल्या ओळीच्या स्टिकरच्या वरच्या कडेपासून आठव्या ओळीच्या स्टिकरच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि 7 ने भागा. चूक तेवढीच अर्ध्या मिमीची, पण आता ती सात जणांत वाटली गेली. माझ्या हातातल्या शीटवर हे अंतर 238 मिमी भरलं, म्हणजे एका ओळीचं पाऊल 34 मिमी. याला पिच म्हणतात. आडवं तसंच: पहिल्या स्टिकरच्या डाव्या कडेपासून तिसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत 133 मिमी, भागिले 2, म्हणजे 66.5. स्टिकरची रुंदी 64, म्हणजे मधे अडीच मिमीची फट आहे. उभ्या दिशेला फट नाही. वर 12.5 मिमी आणि डावीकडे 6.5 मिमी कोरी जागा. ताळा करून बघा: 8 गुणिले 34 म्हणजे 272, त्यात वरखाली साडेबारा-साडेबारा मिळवले की 297. ए-फोरची उंची बरोबर तेवढीच असते. ताळा जुळला नाही तर पुन्हा मोजा, पुढे जाऊ नका.

आता पीडीएफ. वर्डसारख्या ठिकाणी टेबल करून पत्ते भरले, की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या खाली रचली जाते. एखादा पत्ता चारऐवजी पाच ओळींचा झाला की खालचे सगळे ढकलले जातात. त्यापेक्षा प्रत्येक स्टिकरची जागा कागदाच्या कोपऱ्यापासून थेट काढायची, शेजाऱ्याला विचारायचंच नाही. पायथनमध्ये reportlab वापरून हे असं होतं:

```python
from reportlab.pdfgen import canvas
from reportlab.lib.units import mm

DX, DY = 0, 0
c = canvas.Canvas("test.pdf", pagesize=(210*mm, 297*mm))
for r in range(8):
    for k in range(3):
        x = 6.5 + k*66.5 + DX
        y = 297 - (12.5 + (r+1)*34) - DY
        c.rect(x*mm, y*mm, 64*mm, 34*mm)
c.save()
```

297 मधून वजाबाकी का? कारण पीडीएफ कागद खालून वर मोजते, शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो. आणि आतून ती मिमीत नाही, पॉइंटमध्ये मोजते. एका इंचात 72 पॉइंट. 34 मिमी म्हणजे साधारण 96.38 पॉइंट. कुणी हाताने 96 लिहिलं, तर आठव्या ओळीला जवळजवळ 1 मिमी चूक तिथूनच येते. म्हणून आकडे मिमीत लिहा आणि गुणाकार कॉम्प्युटरला करू द्या.

हा कोड पत्ते छापत नाही, नुसते चौकोन छापतो. ते आधी साध्या कागदावर छापायचे. प्रिंटच्या खिडकीत `Actual size` किंवा `100%` निवडा. `Fit` राहिलं तर संपलं: प्रिंटर आपल्या कडा सांभाळायला अख्खं पान लहान करतो. हे ओळखायला सोपं आहे. पान मधोमध धरून आक्रसतं, म्हणून वरचे चौकोन खाली येतात, खालचे वर जातात आणि मधले बरोबर दिसतात. फोनवरून प्रिंट देताना हा पर्याय बऱ्याचदा दिसतच नाही. झेरॉक्सवाल्या दादांना फाइल व्हॉट्सअॅप केली असेल तर तोंडी सांगा, ‘दादा, अॅक्चुअल साइजला काढा’, आणि पहिला कागद स्वतः मोजा.

मग तो छापील कागद स्टिकर शीटवर कोपऱ्याला कोपरा लावून ठेवा आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरा. दोनच ठिकाणी बघायचं: पहिली ओळ आणि आठवी ओळ. समजा दोन्हीकडे चौकोन 2 मिमी खाली आणि दीड मिमी उजवीकडे आहेत. हे नुसतं सरकणं. `DX, DY = -1.5, -2` करा, झालं. हे आकडे त्या प्रिंटरचे, शीटचे नाहीत. प्रिंटर बदलला की पुन्हा काढायचे.

पण समजा पहिली ओळ 0.5 मिमी खाली आणि आठवी 1.9 मिमी खाली आली. फरक 1.4, भागिले 7, म्हणजे ओळीमागे 0.2 मिमी. आता चुकतंय कोण, मोजणी की प्रिंटर? छापलेले चौकोनच मोजा. पहिल्याच्या वरच्या कडेपासून आठव्याच्या वरच्या कडेपर्यंत 238 मिमी भरले, तर प्रिंटर निर्दोष आहे. मग शीटचा पिच 34 नसून 33.8 आहे, तो कोडमध्ये बदला. 239.4 भरले तर प्रिंटर कागद ओढताना ताणतोय. तरीही पिच 33.8 च लिहायचा, पण फक्त त्या प्रिंटरसाठी. शेवटी उरलेला 0.5 मिमी `DY` मध्ये वजा करा.

आणि हां, स्टिकर शीट साध्या कागदापेक्षा जाड आणि गुळगुळीत असते, त्यामुळे ती रोलरमध्ये थोडी वेगळी सरकते. शिवाय प्रत्येक शीट ट्रेमधून तंतोतंत तशीच आत जात नाही. तो मिमीभराचा खेळ कुठल्याच आकड्याने जात नाही. त्यासाठी पत्त्याभोवती स्टिकरच्या आत चारही बाजूंनी 3 मिमी मोकळी जागा ठेवा आणि चौकटीची रेघ छापू नका. रेघ नसली की मिमीभर सरकलेलं डोळ्याला कळतही नाही. आणि अर्धी वापरलेली शीट लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नका. आतल्या उष्णतेने उरलेल्या स्टिकरची कड सुटून ते रोलरलाच चिकटू शकतं.