पाऊस आलाच तर…

शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी युनिटमधल्या प्रत्येकाच्या फोनवर कॉल शीट येते. उद्या कोणी कुठे किती वाजता पोचायचं, कुठले सीन होणार, काय सामान लागणार, अडलं तर फोन कोणाला करायचा, एवढंच तिच्यात असतं. ती लिहिण्याचं काम सहाय्यक दिग्दर्शकाकडे असतं, आणि पावसाळ्यात त्याचा खरा कस लागतो.

जुलैच्या सुरुवातीचा एक दिवस धरू. जागा वाईजवळची मेणवली. कृष्णेचा घाट आणि शेजारचा नाना फडणवीसांचा वाडा. सीन 14 घाटावर, सकाळचा: आई धुणं धुतेय, दहा वर्षांचा मुलगा शाळा सोडून आल्याचं सांगतो. संध्याकाळी वाड्यात सीन 22: आई, वडील आणि पत्र.

वेळा उलट्या मोजायच्या. पहिला शॉट सातला हवा. त्याआधी अर्धा तास तालीम आणि कॅमेऱ्याची जुळवाजुळव. आईचा मेकअप, अंबाडा आणि नऊवारी यांना सव्वा तास. म्हणजे आईचा कॉल सव्वापाचचा, मेकअप आणि कपडेपटाचा पाचचा, आणि चहा घेऊन येणाऱ्या स्पॉटदादांचा पावणेपाचचा. मुलाला सव्वासहाला बोलावलं तरी चालतं. सरसकट ‘सर्वांचा कॉल पाच’ असं लिहिलं, की वडिलांचं काम करणारा नट दिवसभर खुर्चीत बसून राहतो.

मुलाच्या कॉलपाशी मात्र थांबायला हवं. बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम करून घेता येत नाही, असा नियम आहे. सव्वासहापासून मोजलं तर सव्वाअकराला त्याचा दिवस संपला. सीन 14 ला दोन तास लागणार असतील, तर तो उशिरात उशिरा सव्वानऊला सुरू व्हायला हवा. पावसाची योजना याच आकड्यावर उभी राहते.

‘पाऊस आल्यास इनडोअर’ अशी एक ओळ बऱ्याच शीटवर असते. तिचा काडीचा उपयोग नसतो. कुठला इनडोअर? सीन 22 पुढे ओढावा असं पटकन वाटतं, पण वडील दुपारी पुण्याहून निघणार आहेत. सकाळी ते हवे असतील तर त्यांना आदल्या रात्री वाईत मुक्कामाला आणावं लागेल. त्याऐवजी सीन 19 घ्यावा: आई माजघरात एकटी, रात्री कंदील पुसतेय. त्यात संवाद नाहीत, आणि लागणारी माणसं सहापर्यंत तिथं आलेलीच असतात. पर्यायी सीन आधीच हजर असलेल्या माणसांतून निवडावा, एवढं जमलं तरी पुष्कळ. संवाद असलेला सीन घ्यायचाच असेल, तर वर पत्रा नाही ना हे आधी पाहून यावं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की आवाज टिपणारा हेडफोन काढून बाजूला ठेवतो.

मग सामान. सीन 14 साठी पितळी बादली, धुण्याचे कपडे, मुलाचं दप्तर. सीन 19 दुसऱ्या दिवशीचा असला तरी कंदील, वात, काच आणि दुसरी साडी आजच्याच टेम्पोत चढायला हवी. सकाळी रात्र उभी करायची, तर खिडक्या झाकायला काळं कापडही हवं. हे सगळं शीटवर ‘पर्याय’ म्हणून वेगळं न लिहिता त्याच यादीत घालावं; टेम्पो भरणारा माणूस तळटीप वाचत नाही.

निर्णयाच्या वेळाही लिहून टाकाव्यात. पहिली सहाची: आईला कुठली साडी नेसवायची ते तेव्हा ठरतं. सहाला धो-धो असेल तर आधी सीन 19. दुसरी वेळ नऊची. तोवर उघडलं नाही, तर सीन 14 त्या दिवसापुरता रद्द. रिमझिम थांबली म्हणूनही हुरळून जाऊ नये. निम्मा सीन कोरड्या पायऱ्यांवर आणि निम्मा ओल्यावर झाला, तर संकलनाच्या टेबलावर तो जुळत नाही. अशा दिवशी पायऱ्या पहिल्या शॉटपासूनच पाणी मारून ओल्या ठेवलेल्या बऱ्या. चर्चा दिग्दर्शक आणि कॅमेरामन करोत, पण निरोप एकाच माणसाने द्यायचा. त्याचं नाव आणि नंबर शीटच्या माथ्यावर.

नंबर मोजकेच असावेत: प्रॉडक्शन मॅनेजर, गाड्या पाहणारा, वाड्याची किल्ली असलेला माणूस, जवळचं रुग्णालय, 108. नटांचे नंबर सगळ्यांना वाटू नयेत. मेणवलीत आणखी एक चौकशी लागते. घाटाच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. तिथून पाणी सोडलं, तर मेणवलीत थेंबही न पडता खालच्या पायऱ्या बुडू शकतात. म्हणून धरणाची खबर आदल्या संध्याकाळी आणि पहाटे कोण घेणार, त्याचंही नाव लिहावं.

रात्री काही बदललं, तर जुन्याच कागदात खाडाखोड न करता नवी शीट पाठवावी, वर ‘दुसरी प्रत, रात्री 9.40’ असं ठळक लिहून. आणि ज्याचा कॉल बदलला, त्याला फोन करावाच. पावणेपाचला यायचा माणूस साडेनऊलाच झोपलेला असतो.