चौकट : बाळ नवसाचं असेल तर...

बोईसर-तारापूरला शिफ्टमुळे भेट लांबते. पहिल्या शुभेच्छा फोनवरच जातात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मैत्रिणीला मूल झालं, तर एवढंच लिहा : ‘बाळ आल्याचं कळलं, खूप आनंद झाला. तू कशी आहेस? उत्तराची घाई नाही.’

‘अखेर झालं एकदाचं!’ किंवा ‘ट्रीटमेंट कुठे घेतली?’ नको. उपचार घेणाऱ्या जोडप्याची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०२१च्या कायद्याने आयव्हीएफ केंद्रांवरही घातलं आहे.

सदतीस आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असेल, तर वजन, फोटो विचारू नका, डबा पोहोचवा. अळिवाचे लाडू, बाळंतविडा बाळ घरी आल्यावर. बारशाची तारीख त्यांनाच ठरवू द्या.