चौकशी मे महिन्यात, विक्री जूनमध्ये

तालुक्याच्या गावातील पेरणी यंत्राच्या दुकानात चौकशी उन्हाळ्यात सुरू होते. अनेक सौदे मात्र पाऊस पडल्यावरच ठरतात. सोयाबीनची पेरणी साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी, असा सल्ला दिला जातो. त्यामुळे महिनेवार हिशेब फसवा ठरतो.

समजा, मे महिन्यात 40 चौकश्या आल्या आणि 6 यंत्रे विकली गेली. जूनमध्ये 25 चौकश्या आल्या आणि 10 यंत्रे गेली. वरवर पाहता मेमधील जाहिरात वाया गेली, असे वाटते. पण जूनच्या 10 पैकी 7 गिऱ्हाइकांनी पहिली चौकशी मेमध्येच केली होती. म्हणजे मेच्या 40 चौकश्यांतून 13 सौदे झाले, जूनच्या 25 मधून फक्त 3.

म्हणून विक्री पहिल्या चौकशीच्या तारखेखाली मांडावी. वहीत मोबाइल नंबर, गाव, पीक, ट्रॅक्टरची अश्वशक्ती आणि दुकानाची माहिती कुठून मिळाली, एवढे लिहावे. एकच शेतकरी फोन करून नंतर दुकानातही येतो. नंबर जुळवला नाही तर तो दोनदा मोजला जातो. पाऊस लांबला, तर मागील वर्षाशी तुलना तारखेने न करता पेरणीयोग्य पावसापासूनच्या आठवड्यांनी करावी.